बारा महिने, बारा फोटो: आईबाबांसाठी घरचं कॅलेंडर

प्रश्न: आईबाबा सांगलीला असतात, मी पुण्यात, भाऊ जर्मनीत. २०२५ मधल्या आम्हा सगळ्यांच्या फोटोंचं २०२६ चं कॅलेंडर करून त्यांना द्यायचंय. दोघंही सत्तरीला आलेत. फोटो हजारोंनी आहेत, बहुतेक फॅमिली ग्रुपवरचे. त्यातले बारा कसे निवडू? आईला भिंतीवरचं हवंय, बाबा म्हणतात टेबलावर ठेवायचं कर. आणि आईची आई जूनमध्ये गेली. तिचा फोटो घालावा का, घातला तर कुठल्या महिन्यात? — एक वाचक, पुणे

उत्तर: भिंतीवरचं की टेबलावरचं, हे आईबाबांच्या आवडीपेक्षा तुमच्याकडच्या फायली ठरवतील, म्हणून सुरुवात तिथून करा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसून येतो. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. छापताना एका इंचात ३०० पिक्सेल असले तर उत्तम, २०० असले तरी भिंतीवर चालतात, १५० च्या खाली गेलं की केस, पापण्या आणि साडीचे काठ पिठूळ दिसायला लागतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फोटो १२ इंच रुंद छापायचा असेल तर १६०० पिक्सेलचे इंचाला जेमतेम १३३ होतात. तोच फोटो टेबलावरच्या कॅलेंडरवर ६ इंच रुंद छापला तर इंचाला २६६ पडतात आणि तो स्वच्छ येतो. म्हणजे मूळ फोटो मिळाले तर आईच्या मनासारखं होईल, फक्त ग्रुपवरचेच हाताशी असतील तर बाबांच्या.

मूळ फोटो मिळवणं फार अवघड नाही, फक्त ते सगळ्यांकडून सरसकट मागू नका. ‘वर्षभराचे चांगले फोटो पाठवा’ म्हटलं की कुणीच पाठवत नाही. आधी ग्रुपवरच्या फोटोंमधूनच निवड करा आणि पंचवीस-तीस फोटो उरले की ज्याने जो काढला असेल त्याला नेमका तोच दाखवून मागा: ‘हा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव.’ व्हॉट्सॲपमध्ये फोटोऐवजी डॉक्युमेंट निवडून पाठवलं तर फाइल आहे तशी येते. भाऊ आयफोन वापरत असेल तर त्याची फाइल HEIC प्रकारची येऊ शकते. ती छापखान्यातल्या संगणकावर बऱ्याचदा उघडत नाही, तेव्हा ती जेपीजीमध्ये बदलून घ्या. फोटो आल्यावर त्याच्या तपशिलात पिक्सेल पाहा: ४००० × ३००० च्या आसपास दिसलं तर मूळ फाइल आली, १६०० × १२०० दिसलं तर पुन्हा मागा. ॲपमधलं ‘एन्हान्स’ वापरून छोटा फोटो मोठा करण्याच्या भानगडीत पडू नका. कातडी मेणासारखी गुळगुळीत होते आणि आईला नातवाचा चेहरा परका वाटतो.

आता निवडीकडे वळू. २०२६ च्या बाबतीत एक गोष्ट बरेच जण चुकतील. फोटो ज्या महिन्यात काढला त्याच महिन्याच्या पानावर टाकायचा, असा सरळ हिशेब यंदा लागू पडत नाही. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्यानंतरचे सगळे सण १८-१९ दिवस पुढे गेले आहेत. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झाली, २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे फोनमध्ये ऑगस्टखाली असलेला गणपतीचा फोटो सप्टेंबरच्या पानावर जायला हवा आणि ऑक्टोबरखाली असलेली दिवाळी नोव्हेंबरच्या. नाहीतर ऑगस्टभर भिंतीवर मखर दिसेल, आणि प्रत्यक्ष गणपती बसतील तेव्हा पानावर भलताच फोटो असेल. पाडवा (१९ मार्च), आषाढी (२५ जुलै), राखी पौर्णिमा (२८ ऑगस्ट) आणि दसरा (२० ऑक्टोबर) मात्र दोन्ही वर्षी त्याच-त्याच इंग्रजी महिन्यात येतात, त्यांची जागा हलवायची गरज नाही. संक्रांत तर जानेवारी सोडत नाहीच.

तारखांच्या बाबतीत व्हॉट्सॲप आणखी एक घोळ घालतं. अँड्रॉइड फोनवर ग्रुपमधून आलेल्या फोटोचं नाव `IMG-20250827-WA0012.jpg` अशा धर्तीचं असतं. त्यातली तारीख फोटो आला त्या दिवसाची आहे, काढला त्या दिवसाची नव्हे. मावशीने मेमधल्या मुंजीचे फोटो जुलैत टाकले असतील तर ते जुलैतच सापडतील. मूळ फाइल मागण्याचं हेही एक कारण, कारण तिच्यात खरी तारीख असते.

निवड तीन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत प्रत्येक महिन्याचे पाच-सहा फोटो फक्त ‘फेव्हरिट’ म्हणून खूण करा, त्यांच्यावर विचार करत बसू नका. डिसेंबर २०२५ चे फोटो अजून तुमच्याकडे नसतील, तेव्हा वर्ष डिसेंबर २०२४ पासून धरा. साठ-सत्तर फोटो जमतील. दुसऱ्या फेरीत फक्त डोळे पाहा: प्रत्येक चेहऱ्यावर झूम करून कुणाचे मिटलेत, कुणाचे हललेत ते बघा. फोनच्या छोट्या पडद्यावर हललेला फोटोही स्पष्ट दिसतो, म्हणून ही फेरी चुकवू नका. इथे निम्मे गळतील. तिसरी फेरी माणसांची. एका कागदावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहा आणि उरलेल्या फोटोंमध्ये कोण किती वेळा दिसतंय त्याच्या रेघा मारा. जवळजवळ नेहमीच दोन गोष्टी उघड होतात. एक, सर्वांत धाकटं मूल दहा फोटोंत असतं आणि थोरलं दोन. आजीआजोबांना हे लगेच कळतं, थोरल्या नातवंडाला तर त्याहून आधी. दोन, जो सतत फोटो काढतो तो स्वतः कुठेच नसतो. जर्मनीतला भाऊही असाच हरवतो, कारण त्याचे फोटो व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट असतात आणि ते छापण्याच्या लायकीचे नसतात. त्याला आत्ताच सांगा की दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, कुणाकडून तरी एक नीट फोटो काढून घे. प्रत्येक जण निदान दोन पानांवर यावा, आणि आईबाबा दोघं एकत्र असलेला एक फोटो असावाच. मुलं देतात त्या कॅलेंडरमध्ये सगळ्यांत जास्त वेळा तोच राहून जातो.

सणांचे फोटो किती घ्यायचे? सहाच्या वर नको, असं माझं ठाम मत आहे. सणाला सगळे ठेवणीतल्या कपड्यांत रांगेत उभे राहतात, आणि असे आठ-नऊ फोटो लागोपाठ आले की पानं उलटताना फरकच कळत नाही. उरलेल्या महिन्यांत साध्या दिवसांचे फोटो घ्या: बाबा नातीला सायकल शिकवताहेत, गच्चीवर वाळवण आहे, कुणीतरी पेपर वाचता-वाचता झोपलंय.

मोठ्या गटाचे फोटो दोनच ठेवा. १२ इंच रुंदीच्या फोटोत दोन रांगांत मिळून सोळा माणसं असली तर एकेक चेहरा जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा होतो, आणि स्वयंपाकघराच्या दारातून तो कुणाचा आहे ते सत्तरीच्या डोळ्यांना ओळखू येत नाही. याची परीक्षा घरबसल्या करता येते. फोन उभा धरून आडवा फोटो उघडा, म्हणजे तो पडद्यावर साधारण ७ सेंटिमीटर रुंद दिसेल. फोन डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरा. भिंतीवरचं १२ इंची चित्र पावणेदोन मीटरवरून एवढंच दिसतं. चेहरे ओळखता आले तर फोटो घ्या, बोटांनी मोठा करावासा वाटला तर तो टेबलावरच्या कॅलेंडरसाठी ठेवा, कारण ते हातात घेऊन पाहता येतं.

तुम्ही सांगितलंय त्यावरून बारा पानं अशी लागू शकतात. जानेवारीला संक्रांत किंवा बोरन्हाण, फेब्रुवारीला साधा दिवस, मार्चला पाडवा. एप्रिलला आजी, तिच्याविषयी खाली लिहिलंय. मे आणि जूनमध्ये अधिक महिना आहे आणि अधिकात जावयाला अनारशाचं वाण द्यायचं असतं, तेव्हा घरात जावई असेल तर त्याचा आणि आईबाबांचा एकत्र फोटो मेच्या पानावर शोभेल. जूनला पाऊस, जुलैला वारी किंवा घरचा उपास. ऑगस्टला राखी, आणि भाऊ तिकडे असेल तर त्याचा तो खिडकीजवळचा फोटो इथेच, राखी बांधलेल्या हातासकट. सप्टेंबरला गणपती, ऑक्टोबरला दसरा, नोव्हेंबरला दिवाळी, आणि डिसेंबरला आईबाबा दोघं. मुखपृष्ठाला तेरावा फोटो लागतो. तिथे गटाचा फोटो चालेल, कारण ते पान एक जानेवारीला उलटलं जाणार आहे.

आजीचा फोटो जरूर घाला. फक्त तो जूनच्या पानावर नको आणि जुलैच्याही नको. वर्षश्राद्ध तिथीने करतात. त्या जूनच्या उत्तरार्धात गेल्या असतील तर ती तिथी २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे जुलैत जाते. नेमकी कुठली ते पंचांगात पाहून किंवा गुरुजींना विचारून घ्या. आईला ते दिवस तसेही जड जाणार, त्यात महिनाभर ओट्यासमोर तोच चेहरा नको. जानेवारी ते मे या काळातला, आजी काहीतरी करत असतानाचा फोटो शोधा, शक्यतो आईबरोबरचा: कैऱ्या चिरताना, वाती वळताना. तो एप्रिलच्या पानावर ठेवा. हाराचा किंवा फ्रेमसाठी मोठा केलेला फोटो घेऊ नका, त्याची जागा वेगळी आहे. आईला अचानक दिसू नये असं वाटत असेल तर आधी मावशीला किंवा बाबांना दाखवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी १२ × १८ इंचाचं उभं पान घ्या. डिजिटल छपाईवाल्यांकडे १३ × १९ चा कागद सर्रास असतो, तो कापून हे माप निघतं. अर्धं पान फोटोला दिलं की १२ × ९ इंच मिळतात, म्हणजे चारास तीन, आणि फोनचे बहुतेक फोटो याच प्रमाणात असतात. त्यामुळे कुणाला कापावं लागत नाही. उभे फोटो असतील तर दोन शेजारी-शेजारी लावा, एकच उभा फोटो आडव्या चौकटीत कोंबू नका. वरून तारेचं वायरो बाइंडिंग होणार असल्याने फोटोच्या वरच्या काठाशी भोकं पडतात, आणि चारी बाजूंनी तीनेक मिलिमीटर कटिंगमध्ये जातात. वरच्या काठापासून दोन सेंटिमीटरपर्यंत कुणाचं डोकं येऊ देऊ नका. मागच्या रांगेतल्या उंच काकांच्या कपाळातून वायर गेलेली कॅलेंडरं पुष्कळ दिसतात.

छापलेला फोटो पडद्यापेक्षा काळपट येतो, कारण पडद्याला स्वतःचा उजेड असतो आणि कागदाला नसतो. फोनची ब्राइटनेस निम्मी करून फोटो पाहा. त्यात चेहरा अंधारा वाटला तर फोटोची ब्राइटनेस थोडी वाढवा. आकाशकंदिलाच्या उजेडातले आणि गणपतीच्या निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांतले फोटो यात हमखास फसतात, शिवाय भडक राणी आणि जांभळे रंग छपाईच्या शाईत उतरतच नाहीत. बारांपैकी सर्वांत काळोखा फोटो निवडा, तो एकटा आधी छापून बघा आणि त्यावरून बाकीच्यांचं ठरवा.

कागदाच्या बाबतीत छपाईवाला चकचकीत आर्ट पेपर आणि वर लॅमिनेशन सुचवेल. ते टेबलावरच्या कॅलेंडरला ठीक आहे. भिंतीवरच्याला नाही, कारण आई त्यावर लिहिणार: दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कामवाल्या बाईंची सुट्टी. लॅमिनेशनवर बॉलपेन सरकतं, जेल पेनची शाई पसरते. १७० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर, लॅमिनेशन न करता घ्या, आणि सांगण्याआधी त्याच्या तुकड्यावर आई वापरते तसलं पेन चालवून पाहा. एकाच बाजूला लॅमिनेशन केलं तर पावसाळ्यात पानं वळतातही, कारण उघडी बाजू दमट हवेत फुगते आणि दुसरी फुगत नाही. ३०० जीएसएमचा जाड कार्ड भिंतीवर नको, पान मागे उलटत नाही आणि खिळ्यावर कॅलेंडर भिंतीपासून सुटून राहतं. टेबलावरच्यासाठी तोच कार्ड हवा, नाहीतर पानं वाकतात.

तारखांचे आकडे लांबून वाचता येतील असे, निदान २८ पॉइंटचे, ठळक घ्या. रविवारपासून आठवडा धरला तर २०२६ चा फेब्रुवारी बरोबर चार ओळींत बसतो, पण मे आणि ऑगस्टला सहा ओळी लागतात. चौकट पाच ओळींची आखली तर मेमधली ३१ तारीख आणि ऑगस्टमधल्या ३० व ३१ कुठेतरी कोंबाव्या लागतात किंवा गळतात. म्हणून सुरुवातीलाच सहा ओळी धरा. वाढदिवसाच्या घरात त्या माणसाचा चेहरा छोटा करून टाकता येतो. तो दोन सेंटिमीटरचा ठेवा आणि नाव खाली लिहा. तिथ्या आणि सणांसाठी आईबाबा जे पंचांग वापरतात तेच पाहा. सगळं पंचांग या कॅलेंडरवर उतरवायला जाऊ नका, ते त्यांच्या घरी आधीच लटकलेलं असतं. इथे मोठे सण आणि घरातले दिवस पुरेत.

मराठी मजकूर छपाईवाल्याच्या संगणकावर तुटतो, हे गृहीत धरून चला. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिलेलं त्याच्या जुन्या कोरल ड्रॉमध्ये उघडलं की ‘ज्येष्ठ’चा पाय मोडतो, ‘ऑक्टोबर’वरचा चंद्र उडतो, रफार भलत्या अक्षरावर बसतो. फाइल त्याला उघडी देऊ नका, पीडीएफ करून द्या, आणि फॉण्ट पीडीएफमध्ये बसवलेत याची खात्री करा. फोटो फाइलमध्ये मुळाइतकेच मोठे ठेवा. पीडीएफ करताना ‘छोटी फाइल’ असा पर्याय निवडला तर सगळी मेहनत पुन्हा १६०० पिक्सेलवर येते.

डिसेंबरात छापखाने कंपन्यांच्या कॅलेंडर-डायऱ्यांनी भरलेले असतात, पहिल्या आठवड्यात फाइल पोहोचली पाहिजे. सर्व प्रती एकदम छापू देऊ नका, एक प्रत बांधून मागा आणि दुकानातच उभं राहून पाहा. १ जानेवारी गुरुवारी आहे ना, फेब्रुवारी २८ ला संपतो ना, गणपती सप्टेंबरच्या पानावर आहे ना, वायर कुणाच्या डोक्यात गेली नाही ना. पानं एकदा डिसेंबरपर्यंत उलटून परत आणा. वायरोचं तोंड नीट मिटलेलं नसेल तर पान तिथेच अडकतं किंवा निसटतं, आणि ते दुकानातल्या पकडीने मिनिटात नीट होतं, सांगलीला गेल्यावर होत नाही. खिळ्यासाठी वर अर्धगोल खाच आणि वाकलेली तार असते. तीही बघून घ्या, आणि घ्यायच्या दोन प्रती असतील तर दुसरी टेबलावरची करा. त्याच बारा फोटोंवर बाबांचंही काम होईल.